जूनचं भाडं कुणाच्या नफ्यातून?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दाजी आणि त्यांचा मेहुणा यांनी मिळून छापखाना काढला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची बिलबुकं अशी कामं. १ एप्रिल २०२३ ला नारळ फुटला. वर्षभराने मेहुण्याला पुण्यात नोकरी लागली आणि ३१ मार्च २०२४ ला भागीदारी संपवायचं ठरलं. भांडण काहीच नव्हतं. वर्षाचा नफा निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, मशीन आणि भांडवलाचा हिशेब ठरल्याप्रमाणे मिटवायचा, एवढंच उरलं होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवायचो, आणि महिन्याकाठी त्यांच्या वह्या नजरेखालून घालायचो. त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस दोघं वही घेऊन माझ्याकडे आले.

वहीत लिहिलेलं सगळं खरं होतं. कागद, शाई, प्लेटचा खर्च वजा जाऊन छपाईत ७,६०,००० रुपये सुटले होते. त्यातून वर्षभरात भाड्यापोटी १,८०,०००, दोन कामगारांच्या पगारापोटी ३,३०,०००, आगीच्या विम्यापोटी २४,०००, विजेपोटी ८८,५०० आणि चहापाणी, फोन, प्रवास अशा किरकोळीत ४२,००० गेले होते. बेरीज ६,६४,५००. म्हणजे नफा ९५,५०० आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४७,७५०. मशीनचा घसारा आणि कर्जाचं व्याज मी इथे मुद्दाम बाजूला ठेवतो, नाहीतर मूळ मुद्दा त्यात हरवेल.

मेहुणा वही चाळता चाळता भाड्यावर थांबला. दुकानाचं भाडं महिना १२,०००, आणि ते दर तिमाहीच्या सुरुवातीला ३६,००० असं आगाऊ द्यायचं. वर्षात चार तिमाही, तेव्हा १,४४,००० व्हायला हवेत. वहीत पाच हप्ते होते. घरमालकाच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून त्यांनी एप्रिल ते जूनचं भाडं २८ मार्चलाच मागून नेलं होतं.

"सर, मी ३१ मार्चला बाहेर पडलो. जूनपर्यंतचं भाडं माझ्या नफ्यातून कशाला?" त्याने विचारलं.

त्याचं बरोबर होतं, आणि त्याची दुसरी तक्रारही बरोबर होती. विमा १ ऑक्टोबर २०२३ ला उतरवला होता, वर्षभरासाठी. २४,००० चा सगळा हप्ता या वर्षाच्या खर्चात पडला होता, पण पॉलिसी तर सप्टेंबर २०२४ पर्यंत चालणार. हे दोन्ही खर्च दिलेले आहेत, पण त्यांचा उपयोग पुढच्या वर्षात व्हायचा आहे. पुस्तपालनात त्यांना पूर्वदत्त खर्च म्हणतात, बाजारात साधं 'आगाऊ'. भाड्याचे ३६,००० आणि निम्म्या विम्याचे १२,०००, असे ४८,००० खर्चातून काढले की नफा १,४३,५०० होतो, आणि मेहुण्याचा वाटा ७१,७५०.

हे ऐकताना दाजी गप्प बसले होते. मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. "मार्चचा पगार मी ७ एप्रिलला दिला, तीस हजार. मार्चचं वीजबिल १० तारखेला आलं, साडेआठ हजाराचं. ते एकट्याने भरायचं का? मार्चमध्ये हा होता की दुकानात." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शिवाय सरांची वर्षाची फी पंधरा हजार, ती तर अजून द्यायचीच आहे."

त्यांचंही बरोबर होतं. पगाराचे वहीतले ३,३०,००० म्हणजे एप्रिल ते फेब्रुवारी असे ११ महिनेच. मार्चमध्ये कामगार राबले, मशीन फिरलं, त्या महिन्याच्या पत्रिका छापून विकल्या गेल्या आणि त्यांची कमाई ७,६०,००० मध्ये धरलीही गेली. फक्त त्यामागचा पगार आणि वीज वहीत आलीच नव्हती. उपयोग घेतलेला, पण पैसे द्यायचे राहिलेले, असे हे अदत्त खर्च. व्यापारी त्यांना नुसतं 'देणं' म्हणतात. दाजींच्या कागदाची बेरीज ५३,५००. तेवढीच वजा केली, तर नफा ४२,००० वर येतो आणि मेहुण्याला मिळतात २१,०००.

एकाच वहीतून एकाचा वाटा ७१,७५० निघत होता आणि दुसऱ्याच्या हिशेबाने २१,०००. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला आपल्या फायद्याची बाजू तेवढी दिसली होती. दोन्ही बाजू धरल्या, तर ९५,५०० मध्ये ४८,००० मिळवायचे आणि ५३,५०० वजा करायचे. नफा ९०,०००. वाटा प्रत्येकी ४५,०००.

आता कोणी म्हणेल, ९५,५०० आणि ९०,००० यांत फरक तो केवढा! साडेपाच हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला? हा फरक कमी दिसतो, तो योगायोग आहे. घरमालकाच्या घरी त्या मार्चमध्ये लग्न नसतं, तर जूनपर्यंतचं भाडं एप्रिलमध्ये गेलं असतं. मग वहीत भाडं १,४४,००० दिसलं असतं, आणि पैसे दिल्या-न दिल्यावरून मोजलेला नफा ९५,५०० ऐवजी १,३१,५०० झाला असता. छपाईचं एकही काम जास्त नाही, एकही कमी नाही, आणि नफा एकदम ३६,००० ने जास्त, तेही दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाच्या तारखेवरून. आता त्यात दुरुस्ती करून बघा. आगाऊ फक्त विम्याचे १२,००० मिळवायचे, देण्याचे ५३,५०० वजा करायचे. पुन्हा ९०,००० च येतात. पैसे कधी दिले, यावर हा आकडा हलत नाही. वर्षात काय वापरलं, एवढंच तो बघतो. म्हणून तो खरा नफा.

ज्या नोंदींनी हे घडतं, त्यांना समायोजन नोंदी म्हणतात. त्यांत रोकड कुठेच येत नाही. भाड्यासाठी नोंद अशी: पूर्वदत्त भाडे खाते नावे ३६,०००, भाडे खाते जमा ३६,०००. म्हणजे भाड्याच्या खात्यातून जूनपर्यंतचा हिस्सा उचलला आणि वेगळ्या खात्यात ठेवला. भाडे खात्यात उरले १,४४,०००, तेच नफा-तोटा पत्रकात जाणार. बाजूला ठेवलेले ३६,००० ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसतात. खर्च केलेला पैसा मालमत्ता कसा, असं वर्गात मुलं हमखास विचारायची. ३१ मार्चच्या संध्याकाळी दाजींच्या हातात काय होतं ते बघा: पुढचे तीन महिने एक पैसा न देता दुकान वापरायचा हक्क. घरमालक एका अर्थी त्यांचा तीन महिन्यांचा देणेकरी होता. विम्याचंही तसंच.

पगाराची नोंद उलट्या दिशेने होते. पगार खाते नावे ३०,०००, अदत्त पगार खाते जमा ३०,०००. पगार खात्यात आता बारा महिने पुरे झाले, ३,६०,०००. आणि ताळेबंदात देयतेच्या बाजूला अदत्त पगार आला, कारण ३१ मार्चला कामगारांचे तेवढे पैसे छापखान्याकडे होते. वीज आणि फी तशीच. प्रत्येक नोंदीचे दोन परिणाम होतात, एक नफा-तोटा पत्रकात आणि एक ताळेबंदात. दुसरा विसरला की ताळेबंद जुळत नाही, म्हणून ती चूक लगेच हाती लागते.

खरी भीती दुसऱ्या चुकीची असते. तेरीज जुळली, नावेची बेरीज आणि जमेची बेरीज सारखी आली, की हिशेब बरोबर, असं पुष्कळांना वाटतं. दाजींची तेरीज पहिल्यापासूनच जुळत होती. मार्चचा पगार वहीत आलाच नाही, तर तो दोन्ही बाजूंना नाही, तेरीज जुळणारच. इथे आगाऊ आणि देणं यांत एक मोठा फरक आहे. आगाऊ खर्च वहीच्या आत दडलेला असतो. पैसे दिलेले असतात, पावती असते, नोंद असते. फक्त तिच्यावरचा कालावधी वाचायचा. देणं मात्र वहीत नसतंच. जे नाही ते वहीत शोधून सापडणार कसं? ते पुढच्या वर्षात शोधावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आलेली बिलं आणि दिलेले पैसे एकेक काढून विचारायचं, हे कुठल्या महिन्याचं? दाजींच्या खिशातला तो कागद म्हणजे नेमका हाच शोध होता, स्वतःच्या पैशांच्या काळजीने झालेला. कर्ज मागताना नफा मोठा दाखवायचा असला, की नेमकी ही देणी 'विसरली' जातात. कारण ती विसरल्याची खूण वहीत राहत नाही.

विम्याच्या हिशेबातही एक खड्डा आहे, आणि आमच्या उदाहरणात तो झाकला गेला. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, २०२४ लीप वर्ष असल्याने, १८३ दिवस होतात आणि पुढचे ३० सप्टेंबरपर्यंतचेही १८३. अगदी निम्मे-निम्मे. म्हणून वापरलेले महिने धरले काय आणि उरलेले धरले काय, उत्तर १२,००० च. पॉलिसी १ जुलैची असती, तर ३१ मार्चपर्यंत नऊ महिने वापरून झाले असते आणि आगाऊ राहिले असते फक्त तीन महिन्यांचे ६,०००. परीक्षेत किती तरी मुलं इथे १८,००० आगाऊ दाखवतात. बोटांवर महिने मोजतात, पण चुकीच्या बाजूचे. तारीख दिली की आधी ती पॉलिसी कधी संपते हे लिहा, आणि वर्षअखेरीपासून तिथपर्यंत मोजा. चूक होत नाही.

हे ३१ मार्चचं कापणंही माणसाचंच आहे. आपल्याकडे कित्येक पेढ्यांचं वर्ष दिवाळी ते दिवाळी असायचं, लक्ष्मीपूजनाला नवी वही. आयकरासाठी सगळ्यांना १ एप्रिल ते ३१ मार्च असं एकच वर्ष लागू झालं ते १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून. दाजींनी १२ नोव्हेंबर २०२३ च्या लक्ष्मीपूजनाला वही बंद केली असती, तर विम्याचा जेमतेम दीड महिना वापरलेला निघाला असता आणि जवळजवळ सगळा हप्ता आगाऊ. छापखाना तोच, पॉलिसी तीच. वर्ष कुठेही कापा, काही खर्च त्या रेषेवर आडवे पडलेले सापडणारच, आणि प्रत्येकाचे दोन तुकडे करावे लागणार.

म्हणून काहीही तुकड्यांत घालायचं नसतं. घरमालकाकडे ठेवलेलं डिपॉझिट हे आगाऊ भाडं नव्हे. ते महिन्यागणिक संपत नाही, परत मिळायचं असतं. ३१ मार्चला कर्जाच्या मुदलाचा हप्ता थकला असेल, तर ते देणं आहे, पण खर्च नाही. फक्त त्यावरचं व्याज खर्च. आणि दुकानात येणाऱ्या वर्तमानपत्राचे शे-दोनशे रुपये विभागत बसणारा मुनीम वर्षअखेर कधीच गाठणार नाही. किती लहान रक्कम सोडून द्यायची, हे धंद्याच्या आकारावर ठरतं. पण यंदा सोडली तर पुढच्या वर्षीही सोडावी, हे पथ्य पाळायला हवं. बिल आलंच नसेल, तर मीटरचं वाचन किंवा मागच्या महिन्याचं बिल बघून अंदाजाची रक्कम धरतात. फरक निघाला, तर तो पुढच्या वर्षात पडतो.

कायद्याचं म्हणाल, तर कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने याच पद्धतीने वह्या ठेवणं बंधनकारक आहे. छोट्या दुकानदाराला आणि भागीदारीला १९६१ च्या आयकर कायद्याने रोखीची किंवा ही व्यापारी पद्धत निवडू दिली; दोन्हींची खिचडी मात्र करता येत नाही. शिवाय त्याच कायद्याचं कलम ४३ब असं, की काही देणी, उदाहरणार्थ बोनस, भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा किंवा सरकारी कर, प्रत्यक्ष भरल्याशिवाय करासाठी खर्च म्हणून मान्य होत नाहीत. त्यामुळे वहीतला नफा आणि करपत्रकातला नफा वेगवेगळे निघाले, तर लगेच घाबरू नये.

त्या संध्याकाळी ४५,००० वर दोघं एका मिनिटात राजी झाले. गंमत पुढच्या वर्षी झाली.

मेहुणा गेल्यावर दाजींच्या वह्या त्यांचा भाचा संगणकावर टॅलीत लिहू लागला. पोरगा हुशार. मार्च २०२५ संपल्यावर त्याने गेल्या वर्षीच्या माझ्या नोंदी बघून तशाच नव्या केल्या, F7 दाबून एकेक जर्नल व्हाउचर: मार्चचा पगार देणं, वीजबिल देणं, फी देणं, विमा आगाऊ. सगळं बरोबर. दाजींनी छापलेलं नफा-तोटा पत्रक माझ्यासमोर ठेवलं आणि फीच्या ओळीवर बोट टेकवलं.

"सर, यंदा तुम्ही दोनदा फी घेतली होय? तीस हजार दिसतायत."

मी घेतली नव्हती. गेल्या वर्षीचे पंधरा हजार त्यांनी मे २०२४ मध्ये दिले, आणि भाच्याने ते थेट फीच्या खर्चात टाकले. पण तो खर्च तर आम्ही आदल्या वर्षातच धरून मोकळे झालो होतो! ते पैसे 'अदत्त फी' या खात्याला नावे टाकायला हवे होते, म्हणजे जुनं देणं फिटलं असतं. तसं न झाल्याने खर्च दुसऱ्यांदा पडला आणि फिटलेलं देणं ताळेबंदात तसंच उभं राहिलं.

एक धागा सापडला, तसे पुढचे आपोआप सापडले. पगार खात्यात ३,९०,००० होते. महिना तीस हजाराने त्याचे तेरा महिने होतात, आणि वर्षाला तेरा महिने नसतात. भाडं उलट नऊच महिन्यांचं, १,०८,०००. कारण एप्रिल ते जूनचं आदल्या वर्षीच दिलेलं, आणि बाजूला ठेवलेले ३६,००० परत खर्चात आणायला भाचा विसरला. विम्याचा खर्च १२,००० आणि आगाऊ विमा २४,०००, म्हणजे निम्मी संपलेली पॉलिसी अख्खी शिल्लक! ज्या खात्याला बाराने भागलं की महिन्याचा आकडा जुळत नाही, तिथे थांबावं. आणि गेल्या वर्षीची आगाऊ किंवा देणं याच वर्षीच्या तेरजेत जशीच्या तशी, रुपयाचाही फरक न पडता दिसली, तर ती तिथे विसरलेलीच आहे असं समजावं.

उपाय सोपा. १ एप्रिलला, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, आदल्या दिवशीच्या सगळ्या समायोजन नोंदी उलट्या करून टाकायच्या. अदत्त पगार नावे, पगार जमा ३०,०००. पगार खातं वजा तीस हजारांवरून सुरू होतं. ७ एप्रिलला पगार दिला की शून्यावर येतं, आणि एप्रिलचा पगार नव्या पाटीवर लिहिला जातो. भाड्याचं उलट: भाडे नावे, पूर्वदत्त भाडे जमा ३६,०००. मग जुलैपासूनच्या तीन हप्त्यांत ते मिळून बारा महिने पुरे होतात.

आम्ही दुरुस्ती केली, तेव्हा नफा फक्त ५,५०० ने बदलला, पण या वेळी वर गेला. आगाऊचे ४८,००० खर्चात आणले आणि देण्याचे ५३,५०० खर्चातून काढले. पहिल्या वर्षी जेवढे वजा झाले होते तेवढेच दुसऱ्या वर्षी परत आले. या नोंदींनी नफा वाढत नाही आणि घटतही नाही. तो एका वर्षातून दुसऱ्यात जातो. मेहुण्याला मात्र या दुसऱ्या वर्षाशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणूनच तो पहिल्या वर्षाचा आकडा एवढा महत्त्वाचा होता.

भाच्याने त्याच बैठकीत सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या. २०२४-२५ ची माझी फी त्याने ताळेबंदात अदत्त म्हणून एकदाच, बरोबर दाखवली आहे. दाजींनी ती अजून दिलेली नाही. माझ्या वहीत ती येणं म्हणून उभी आहे.